नुसता वीजबिलाचा फोटो आला, तर उत्तरात काय लिहायचं?

घरात किंवा सोसायटीत एखाद्याला वीजबिलातलं थोडंफार कळतं असं समजलं, की त्याच्या व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो येऊ लागतात. खाली प्रश्न नसतो, ‘बघ ना जरा’सुद्धा नसतं. पाठवणाऱ्याला काय विचारायचं हेच नीट माहीत नसतं. आकडा बघून छातीत धस्स झालेलं असतं, एवढंच. अशा वेळी ‘काय झालं? काय विचारायचंय?’ असं उलट विचारलं तर समोरचा माणूस ‘काही नाही, सहज पाठवलं’ म्हणून गप्प बसतो आणि मुदत निघून जाते. म्हणून मी विचारत बसत नाही. बिल वाचतो आणि तीन गोष्टी कळवतो: किती पैसे कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, वापर नेहमीसारखा आहे का, आणि बिलात नेहमी नसलेली एखादी रक्कम आहे का. ते कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितो. उदाहरण महावितरणच्या घरगुती बिलाचं घेतलं आहे. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचं बिल दिसायला वेगळं असतं, दरही वेगळे असतात, पण वाचायचा क्रम हाच.

आधी फोटो, मग तारीख

फोटो उघडल्यावर आकड्यांकडे वळण्याआधी बिल कोणत्या महिन्याचं आहे ते पाहा. घरातल्या फाईलमधून चुकून जुनं बिल काढून पाठवलेलं असण्याचं प्रमाण खूप आहे. मग बिलाच्या दोन्ही बाजू आल्यात का, कडेचे आकडे कापले गेलेत का ते बघा. चालू आणि मागील रीडिंगचे आकडे पुसट असतील तर अंदाज बांधू नका. बारा आकडी ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या ॲपवर किंवा `wss.mahadiscom.in` वर तेच बिल स्वच्छ दिसतं, मागच्या महिन्यांची बिलंही मिळतात. हा फोटो दुसऱ्या ग्रुपवर मात्र पुढे ढकलू नका. त्यावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, थकबाकी सगळं असतं, आणि ‘आज रात्री तुमची वीज तोडणार’ असे मेसेज पाठवून लुबाडणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

आता तारखा. बिलावर एकाहून जास्त तारखा असतात आणि लोकांची गल्लत इथेच होते. देयक दिनांक म्हणजे बिल ज्या दिवशी काढलं तो दिवस. देय दिनांक म्हणजे भरायची शेवटची तारीख. तिच्याआधी एक तारीख ‘या तारखेपर्यंत भरल्यास’ अशी असते. त्या तारखेपर्यंत भरलं तर थोडी सूट मिळते आणि रक्कम किंचित कमी होते. देय दिनांक उलटल्यावर १.२५ टक्के विलंब आकार लागतो, तो धरून तिसरी रक्कम छापलेली असते. कळवताना यातली मधली तारीख आणि मधली रक्कम सांगा. सवलतीची तारीख जवळ असेल तर तीही सांगा.

घरगुती ग्राहकाला देयक दिनांकापासून किमान २१ दिवसांची मुदत मिळायला हवी, असं राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमात आहे. दुकान, कारखाना अशा बाकी ग्राहकांना किमान १५ दिवस. बोटांवर मोजून बघा. मुदत कमी दिसली, तर बिल घरगुती म्हणून निघालंय की व्यापारी म्हणून, हे तपासायची ती पहिली खूण असते.

एक बारकावा बिलं वाचणाऱ्यांकडूनही सुटतो. देय दिनांक हा चालू महिन्याच्या बिलाचा असतो. त्याच बिलात मागची थकबाकी मिळवलेली असेल तर तिची मुदत आधीच संपलेली असते. ‘३० तारखेपर्यंत वेळ आहे’ असं आपण बिनधास्त सांगतो, आणि थकबाकीसाठी नोटीस आधीच निघालेली असू शकते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून बिलात थकबाकी दिसली की मी पुढचं काही वाचण्याआधी ‘काही नोटीस किंवा मेसेज आलाय का?’ एवढं विचारतो. आपण विचारावा असा हा एकच प्रश्न आहे.

युनिट: वजाबाकी स्वतः करा

बिलाच्या मधल्या भागात मीटर क्रमांक, चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव आणि युनिट असा एक पट्टा असतो. चालू वजा मागील, गुणिले गुणक अवयव, म्हणजे युनिट. घरगुती मीटरला गुणक अवयव बहुधा १ असतो. त्याच्या जवळच समायोजित युनिट असा रकाना असतो. तो बहुतेक वेळा रिकामा असतो, आणि रिकामा नसेल तर तिथे थांबून ते युनिट कशाचे आहेत ते बघायचं.

रीडिंगच्या तारखाही पाहायच्या. महिन्याचं बिल म्हणजे बरोबर तीस दिवसांचं असं नसतं. कधी २७ दिवसांनी माणूस येतो, कधी ३५ दिवसांनी. म्हणून युनिटला दिवसांनी भागून रोजचा वापर काढायची सवय लावून घ्या. ३५ दिवसांचे २४५ युनिट आणि २८ दिवसांचे १९६ युनिट म्हणजे रोजचे सातच.

चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी `LOCKED`, `INACCS`, `FAULTY` किंवा `R.N.A.` असा शब्द असेल, तर त्या महिन्यात मीटर वाचलाच गेला नाही आणि युनिट सरासरीने टाकले आहेत. घराला कुलूप, मीटरपर्यंत पोचता न येणं, मीटर नादुरुस्त, रीडिंग उपलब्ध नाही, अशी ही कारणं असतात. सरासरीचं बिल दिसायला गरीब असतं, म्हणून त्याचा फोटो कुणी पाठवत नाही. फोटो येतो त्याच्या पुढच्या महिन्यात. तेच प्रकरण आता पूर्ण सोडवून बघू.

एक बिल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हिशेबासाठी मी एक बिल रचलं आहे. आकडे सोपे जावेत म्हणून इंधन समायोजन आकार, म्हणजे वीज बनवण्याचा खर्च वाढला की प्रति युनिट लागणारा जादा आकार, त्यात धरलेला नाही. समजा, सांगलीकडच्या एका मामींनी ऑक्टोबर २०२४ चं बिल पाठवलं. घर दोन माणसांचं, सिंगल फेज. मे ते जुलै मामा-मामी बरेच दिवस मुलीकडे होते, त्यामुळे त्या तीन महिन्यांत ११५, ११८ आणि १२७ युनिट पडले. ऑगस्टच्या सुरुवातीला दोघं परतले. सप्टेंबरमध्ये मीटरच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून त्या महिन्याचं बिल मागच्या तिन्हींची सरासरी धरून १२० युनिटांचं आलं, साधारण १,१०० रुपयांचं. ते त्यांनी भरलं. आता ऑक्टोबरचं बिल ५,९३० रुपये. फोटो आला, प्रश्न नाही.

पट्ट्यात दिसतं: मागील रीडिंग ११,८४२ (४ ऑगस्ट), चालू रीडिंग १२,२७६ (४ ऑक्टोबर). फरक ४३४ युनिट. इथे घाई केली तर आपण लिहून मोकळे होऊ, ‘मामी, वापर चौपट झालाय, गिझर बघा.’ पण तारखा पाहिल्या की कळतं, हे ६१ दिवसांचे युनिट आहेत. रोजचे सातच्या आसपास, महिन्याचे २१५–२१७. बिलावरच्या मागच्या बारा महिन्यांच्या वापरात गेल्या वर्षीचे हेच दोन महिने पाहिले तर २०८ आणि २१७, म्हणजे ४२५. वापर जिथल्या तिथे आहे.

तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. लगेच आधीच्या महिन्याशी केली तर एप्रिलमधल्या पंख्यांची तुलना फेब्रुवारीशी होते, आणि इथे झाली असती तशी सरासरीच्या खोट्या आकड्याशीही होते.

रीडिंग खरं आहे का, याची एक तपासणी मामी घरबसल्या करू शकतात. आज मीटरवर काय आकडा आहे त्याचा फोटो मागवायचा. समजा १४ ऑक्टोबरला तिथे १२,३४८ दिसतात. म्हणजे दहा दिवसांत ७२ युनिट, रोजचे सातहून थोडे जास्त. बिलातला रोजचा वापर आणि आजचा वापर जुळतात. रीडिंग बरोबर आहे. आजचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी निघाला असता, तर रीडिंग चुकीचं घेतलंय हे तिथेच सिद्ध झालं असतं आणि पुढचा सगळा हिशेब करायची गरजच नव्हती. मीटरच्या फोटोत मीटर क्रमांकही आला पाहिजे, तो बिलाशी ताडून बघा. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्याच्या मीटरचं रीडिंग आपल्या नावावर जाण्याचे प्रकार होतात. आपला मेन स्विच दोन मिनिटं बंद केला की कोणत्या मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबतो ते दिसतं. तो आपला मीटर.

आता प्रश्न उरतो, वापर नेहमीचाच आहे तर पैसे का वाढले? उत्तर टप्प्यांत आहे. २०२४-२५ मध्ये महावितरणचा घरगुती वीज आकार असा होता: पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४. शिवाय प्रत्येक युनिटाला १.१७ रुपये वहन आकार आणि महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या हातातल्या बिलाच्या काळातले दर घ्या. हे टप्पे एका महिन्याचे आहेत. ३०० ओलांडले म्हणजे सगळेच युनिट महागात जातात असा एक समज आहे, तो खरा नाही. ओलांडलेलेच युनिट पुढच्या दराने जातात. पण बिल दोन महिन्यांचं असेल, तर टप्पेही दुप्पट व्हायला हवेत: पहिले २०० स्वस्त दराने, पुढचे ४०० मधल्या दराने. २०२० च्या जूनमध्ये राज्यभर जो गदारोळ झाला त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. लॉकडाऊनमध्ये रीडिंग बंद होतं, सरासरीची बिलं गेली, आणि मग साचलेला वापर एका बिलात आला. टप्प्यांचा लाभ महिन्यांप्रमाणे दिलाय की नाही, हे प्रत्येक घरात कागद-पेन घेऊन तपासावं लागलं होतं.

मामींच्या बिलात वीज आकाराच्या ओळीत ४,४७८.७० रुपये आहेत. एका महिन्याचे टप्पे लावून बघू: १०० युनिटांचे ४७१, पुढच्या २०० चे २,०५८ आणि उरलेल्या १३४ चे १,९४९.७०. बेरीज ४,४७८.७०, पैशापर्यंत जुळली. म्हणजे दोन महिन्यांचे युनिट एका महिन्याच्या टप्प्यांत बसवले गेलेत. दोन महिन्यांचे टप्पे लावले तर २०० युनिटांचे ९४२ आणि २३४ चे २,४०७.८६, एकूण ३,३४९.८६. फरक १,१२८.८४ रुपये. घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, तेही या फरकावर जास्त पडलंय. ते धरून १,३०९ रुपये.

दुसरी चूक याच्या पोटात दडलेली आहे. सप्टेंबरमध्ये भरलेले १२० युनिट याच ४३४ मध्ये पुन्हा मोजले गेलेत. त्यांचे पैसे वजा व्हायला हवेत. बिलात ‘समायोजित रक्कम’ या ओळीत उणे चिन्हासह आकडा दिसायला हवा होता. मामींच्या बिलात ती ओळ शून्य आहे. १२० युनिटांचा वीज आकार ६७६.८०, वहन आकार १४०.४०, त्यावरचं शुल्क १३०.७५. मिळून ९४८ रुपये. सप्टेंबरचा स्थिर आकार मात्र परत मिळत नाही, तो त्या महिन्याचा होताच; ऑक्टोबरच्या बिलात एकाच महिन्याचा १२८ रुपये आहे ना, तेवढं बघून घ्यायचं.

आता बरोबर बिल किती असायला हवं होतं? वीज आकार ३,३४९.८६, वहन आकार ५०७.७८, स्थिर आकार १२८, बेरीज ३,९८५.६४. त्यावर १६ टक्के शुल्क ६३७.७०. एकूण ४,६२३.३४. त्यातून ९४८ वजा केले की ३,६७५ रुपये. आलेलं बिल ५,९३० आहे, म्हणजे जवळपास २,२५० रुपये जास्त. आणि लक्षात घ्या, बरोबर बिलसुद्धा मामींच्या नेहमीच्या २,३०० पेक्षा जास्तच आहे, कारण सप्टेंबरमध्ये सरासरीने कमी पैसे घेतले होते. हे आधीच सांगून ठेवलं नाही, तर दुरुस्त झालेलं बिल आल्यावरही त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

इंधन समायोजन आकार खऱ्या बिलात असेल तर त्यालाही हाच न्याय लावा. त्याचा प्रति युनिट दर टप्प्यांप्रमाणे वेगळा असतो आणि महिन्याला बदलू शकतो. मागच्या महिन्यात नव्हता आणि या महिन्यात आला म्हणून ती चूक ठरत नाही.

ज्या ओळींवर बोट ठेवायचं

वरचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं. बाकीच्या गोष्टी झटपट उरकतात. निव्वळ थकबाकीच्या ओळीत आकडा असेल तर आधी मागचं बिल भरलं होतं का ते बघा. मुदतीच्या शेवटी भरलेले पैसे कधीकधी पुढच्या बिलात थकबाकी म्हणून दिसतात. बिल छापताना ते जमा झालेले नसतात. भरल्याची पावती असेल तर काळजी नाही. पण अनेक वर्षांपूर्वीची एखादी रक्कम अचानक उगवली असेल, तर कलम ५६ चं दुसरं उपकलम उपयोगी पडतं. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली असतील आणि दरम्यान ती बिलांत सलग थकबाकी म्हणून दाखवत आलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. त्यासाठी मधल्या काळातली बिलं हवीत, म्हणून बिलं जपून ठेवा.

दर संकेतात `LT I Res` असेल तर घरगुती. तिथे `LT II Comm` दिसलं तर व्यापारी, आणि घरासाठी ते चूक आहे. घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी दुकान होतं, ते बंद झालं, पण संकेत तसाच राहिला, असं बऱ्याचदा होतं. ही चूक दर महिन्याला पैसे खाते आणि एकेका बिलात ती डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती सापडली की मला सगळ्यात जास्त समाधान वाटतं.

उन्हाळ्यात एक वेगळाच कागद येतो आणि लोक घाबरतात: महिन्यात दोन बिलं कशी? त्यातलं एक सुरक्षा ठेवीचं असतं. वर्षभराच्या वापरावरून ठेवीचा आकडा पुन्हा ठरतो आणि फरक मागितला जातो. नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनंतर महिन्याला बिल येणाऱ्यांसाठी ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी झाली, आधी ती एका महिन्याची होती. ठेव आपलीच राहते आणि तिच्यावरचं व्याज वर्षातून एकदा बिलात वजा होऊन येतं. म्हणून एखाद्या महिन्याचं बिल अनपेक्षित कमी आलं, तर ती ओळही शोधा. कुणी विचारलं नसलं तरी सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात बिल ‘वाढलं’ म्हणून पुन्हा फोटो येईल.

आणि युनिट खरोखरच वाढलेले असतील तर? रीडिंग बरोबर, दिवस बरोबर, मीटर आपलाच, तरी रोजचे सातचे बारा झाले असतील, तर दोषाचा शोध घरात घ्यायचा. मेन स्विच चालू ठेवून घरातले सगळे स्विच बंद करा, फ्रिजचा आणि इन्व्हर्टरचा प्लगही काढा. मीटरवरचा छोटा लाल दिवा तरी लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणीतरी आपल्या लाइनवरून वीज घेतंय. दिवा थांबला तर एकेक उपकरण लावून बघा. घरोघरी सापडणारी कारणं ठरलेली: थर्मोस्टॅट बिघडलेला गिझर, टाकी भरल्यावरही चालू राहणारा पंप, रबर सैल झालेला जुना फ्रिज. मीटरच वेगात धावतोय अशी शंका याच्यानंतर घ्यायची, आणि तेव्हा मीटर तपासणीचा लेखी अर्ज करायचा.

उत्तर कसं लिहायचं

हा सगळा हिशेब मामींना पाठवायचा नाही. तो वहीत राहू दे. त्यांना फोनवर एका नजरेत वाचता येईल एवढंच लिहायचं, आणि तारीख सगळ्यात वर. मी असं लिहीन:

‘मामी, बिल पाहिलं. शेवटची तारीख ३० ऑक्टोबर आहे, रक्कम ५,९३० रुपये. तुमचा वापर वाढलेला नाही. सप्टेंबरमध्ये मीटर वाचला नव्हता, म्हणून या बिलात दोन महिन्यांचे ४३४ युनिट एकत्र आलेत. गेल्या वर्षी याच दोन महिन्यांत ४२५ होते. पण हिशेबात दोन चुका दिसतात: दोन महिन्यांचे युनिट एका महिन्याच्या दराने लावलेत, आणि सप्टेंबरचे तुम्ही भरलेले पैसे वजा केलेले नाहीत. माझ्या हिशेबाने साधारण ३,६८० रुपये व्हायला हवेत. आजच भरू नका. मीटरचा फोटो काढून पाठवा, नंबर आणि आकडा दोन्ही दिसू देत. सप्टेंबरच्या बिलाची पावती शोधून ठेवा. अर्ज मी लिहून देतो, मामांना उद्या ऑफिसात द्यायला सांगा.’

यात ‘माझ्या हिशेबाने’ आणि ‘साधारण’ हे शब्द ठेवले पाहिजेत. बिलाच्या यंत्रणेत महिने दिवसांवरून मोजले जातात, इंधन आकार असतो, रक्कम पूर्णांकात केलेली असते. पाच-पन्नास रुपयांचा फरक पडू शकतो. दोन हजारांचा पडत नाही. बिल बरोबर असेल तेव्हाही उत्तर याच क्रमाने द्यायचं: तारीख, रक्कम, युनिट, आणि ‘वेगळं काही दिसलं नाही’. हे शेवटचं वाक्य गाळू नका. फोटो पाठवणारा त्याचीच वाट पाहत असतो.

चूक सापडल्यावर

उदाहरणातल्या बिलाचा देयक दिनांक ९ ऑक्टोबर, म्हणून देय दिनांक ३० ऑक्टोबर, ऐन दिवाळीत. त्यामुळे अर्ज लवकर द्यायचा. अर्ज एका पानाचा पुरतो: ग्राहक क्रमांक, दोन रीडिंग आणि त्यांच्या तारखा, ‘६१ दिवसांच्या वापराला दोन महिन्यांच्या टप्प्यांचा लाभ द्यावा आणि सप्टेंबरच्या सरासरी बिलाची रक्कम वजा करावी’ हे एक वाक्य, सोबत दोन्ही बिलांच्या प्रती, पावती आणि मीटरचा फोटो. तो महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. १९१२ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक लिहून ठेवा. बिलं पाहणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर ‘बिल जास्त आलंय’ म्हटलं तर तो रोज तेच ऐकतो. ‘६१ दिवस, एका महिन्याचा स्लॅब’ म्हटलं की तो लगेच संगणकावर बघतो.

दुरुस्ती मुदतीत झाली नाही तर काय, ही भीती स्वाभाविक आहे. वाद चालू असताना वीज तुटू नये म्हणून कलम ५६ मध्येच सोय आहे: मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी आकाराप्रमाणे येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. ‘हरकत राखून भरत आहे’ हे लेखी द्या. पूर्ण रक्कम भरायचं ठरलंच तर आणखी एक अडचण लक्षात ठेवा: ऑगस्ट २०२३ पासून महावितरणच्या केंद्रावर घरगुती बिलाचे पाच हजारांपर्यंतच रोख घेतात. ५,९३० रुपये घेऊन मामा रांगेत उभे राहिले तर हात हलवत परत येतील. ऑनलाइन भरा; चेक द्यायचा तर वटायला लागणारे दिवस मोजून आधी द्या.

कार्यालयाकडून दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही, पण पोच लागते, म्हणून वर तिच्यावर एवढा भर दिला.

दुरुस्त बिल हातात आलं की त्यावर नवा देय दिनांक आहे का ते बघा, नसेल तर तिथेच विचारून घ्या. नाहीतर दुरुस्तीत गेलेल्या दिवसांचा विलंब आकार पुढच्या बिलात येतो. नोव्हेंबरच्या बिलाचा फोटोही आपणहून मागवा. त्यात मागील रीडिंग १२,२७६ च असलं पाहिजे, थकबाकीच्या ओळीत जुन्या ५,९३० मधला उरलेला भाग दिसता कामा नये, आणि दुरुस्ती पुढच्या बिलात देतो असं सांगितलं असेल तर समायोजित रक्कम उणे चिन्हासह आलेली असली पाहिजे.